माहेरच्या माणसांचे आभार

देवपुरात राहणाऱ्या बायकांना पुनमचं दुकान सांगायला पत्ता लागत नाही. ‘ती नाही का, बोलत नाही ती, पण ब्लाउज छान शिवते,’ एवढं म्हटलं की ऐकणारीला कळतं. हे अर्धंच खरं आहे. पुनम बोलते, भरपूर बोलते, पण गिऱ्हाइकाच्या अंगाविषयी आणि कापडाविषयी. ‘खांदा उतरता आहे तुमचा, बाही जरा वर घेऊ,’ ‘हा फॉल पहिल्या धुण्याला आटेल, आधी भिजवायला लागेल,’ असं. स्वतःविषयी विचारलं की ती तोंडात टाचण्या धरते, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला पुन्हा विचारायची कुणाची छाती होत नाही.

दुकान म्हणजे भाड्याच्या घराची पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक पिकोचं मशीन, कापायचं टेबल, आणि मागच्या खोलीला आड करणारा पडदा. पडद्यामागे गॅस, खाट आणि एका माणसाची भांडी. दिवसभर पुढच्या खोलीत बायकांची वर्दळ असते. कुणाची मुलगी दहावीला, कुणाचा नवरा रुसलेला, कुणाचं वजन वाढलेलं, सगळं पुनमला ठाऊक असतं, कारण मापाची फीत कमरेला लागली की बायका आपोआप बोलू लागतात. मग संध्याकाळी दिवेलागणीला त्या उठतात, कारण त्यांच्या घरी कुणीतरी भाकरीची वाट बघत असतं. पुनम पडदा सारून आत जाते आणि एकटीसाठी एक भाकरी थापते. दुसरी थापली तर सकाळी शिळी खावी लागते.

ती मूळची दोंडाईच्याची. लग्न करून दिलं ते साक्री तालुक्यात. नवरा वाईट होता की नाही, याविषयी दोंडाईच्यात अजून दोन पक्ष आहेत. पुनमला कुणी विचारलं असतं तर तो वाद चटकन मिटला असता. पण विचारलं नाही. ती परत आली तेव्हा आई, भागाबाई, हयात होती, म्हणून घरात जागा मिळाली. आई गेली आणि वहिनीनं, मोनालीनं, एकदाही ‘जा’ म्हटलं नाही. फक्त चहा ओतताना ती पुनमचा कप विसरू लागली. महिनाभर पुनमनं तो विसराळूपणा चालवून घेतला. मग आईचं जुनं शिलाई मशीन टेम्पोत घालून ती धुळ्याला आली. भाऊ भूपेंद्र कृषी सेवा केंद्रात बसलेला होता. ‘जातेस तर जा, पोहोचली की फोन कर,’ म्हणाला. तिनं फोन केला. त्यानं ‘बरं’ म्हटलं. बहीण-भावाचं ते शेवटचं मोठं बोलणं.

गुढीपाडव्याला दुकानाला एक वर्ष होणार, ही गोष्ट पुनमच्या लक्षातही नव्हती. ती सुनंदाबाईंच्या लक्षात आली. सुनंदाबाई शेजारच्या गल्लीतल्या, एका पतसंस्थेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या, आणि दुपारी पंख्याखाली बसायला त्यांना पुनमच्या दुकानाइतकी दुसरी चांगली जागा मिळालेली नाही.

“वर्ष झालं, तर स्टेटस टाकायला हवं,” त्या म्हणाल्या. “हल्ली पाणीपुरीवाला सुद्धा टाकतो. गिऱ्हाइकांचे आभार आणि एखादी ऑफर.”

“मला नाही लिहिता येत तसलं.”

“मग तेजसला सांगू.”

तेजसचं कोपऱ्यावर फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं तो एकाच उत्साहानं करतो. त्यानं तासाभरात चित्र पाठवलं. वर सोनेरी मुकुट, खाली फटाके, मधोमध पुनमचा आधारकार्डावर असतो तसला फोटो, आणि मजकूर असा: ‘यशाचं एक वर्ष! धुळ्यातील नंबर वन! हजारो समाधानी ग्राहकांची एकमेव पसंती! भव्य वर्षपूर्ती महाधमाका!’

पुनमनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

“हजारो कुठले हो? आणि नंबर वन? चौकातला टेलर मास्तर काय म्हणेल? त्यानेच मला पहिल्यांदा काजं करून दिली होती.”

“अगं, जाहिरातीत असंच लिहितात.”

“लिहू देत. त्या पाटीलबाईंचा ब्लाउज मी दोनदा उसवून दिला, तरी काखेत ओढतो. त्या हे वाचतील आणि हसतील.”

हा मुद्दा सुनंदाबाईंना पटला, कारण पाटीलबाई हसायला लागल्या की गल्लीभर ऐकू येतं. तेजसला चित्राचे पैसे देऊन टाकले, त्याला जरा वाईट वाटलं, आणि दोघी टेबलाशी बसल्या. पुनम सांगू लागली आणि सुनंदाबाई फोनवर लिहू लागल्या. खोडणं जास्त, लिहिणं कमी.

पहिलं ठरलं ते हे, की आकडा नाही, नंबर नाही, फोटो नाही. दुसरं ठरलं की आभार कशाचे ते नेमकं सांगायचं. ‘विश्वासाबद्दल’ वगैरे सगळेच लिहितात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून ते ओघळून जातं. पुनम म्हणाली, ज्या बाईचं काम बिघडलं आणि तरी जी परत आली, तिचे आभार मानायचे आहेत. काम चांगलं झालं म्हणून आली, तिनं काय उपकार केले? तिला मालच चांगला मिळाला.

ऑफरवर बराच वेळ गेला. सुनंदाबाईंचं म्हणणं शिलाईत निम्मी सूट द्यावी. पुनमनं मान हलवली. लग्नसराई तोंडावर आलेली, निम्म्या दरात सगळं गाव लोटलं तर कामं वेळेवर जाणार नाहीत, मग पुढच्या वर्षी कोण येईल? शेवटी एका माणसाला झेपेल एवढंच ठरलं. एका साडीला फॉल-पिकोची शिलाई फुकट, पंधरा दिवस. फॉल गिऱ्हाइकानं आणायचा, म्हणजे रंगाची जुळणीही त्यांची आणि तक्रारही त्यांचीच.

“आता शेवटी घरच्यांचे आभार,” सुनंदाबाई म्हणाल्या. “घरच्यांच्या पाठिंब्यामुळे, असं काहीतरी. सगळे लिहितात. नाही लिहिलं तर लोक विचारतात, घरचे कुठे आहेत म्हणून.”

पुनमनं टाचण्या उचलल्या. तोंडात नेल्या नाहीत, हातातच धरून ठेवल्या.

तिला मयुरीचं लग्न आठवत होतं. मयुरी म्हणजे भूपेंद्रची मुलगी, तिची एकुलती एक भाची. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, ठरलंय हे पुनमला कळलं होतं तेही दुसऱ्याच्या स्टेटसवरून; साखरपुड्याच्या फोटोत सगळे होते, आत्या नव्हती. त्या पोरीला पुनमनं पायावर घेऊन अंघोळ घातलेली होती. लग्नाला बोलावलं तर जायचं, मांडवात आत्या म्हणून उभं राहायचं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात घर करून बसली होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. सख्ख्या बहिणीला पत्रिका पाठवत नाहीत. भाऊ घरी येतो, कुंकू लावतो, ‘ये’ म्हणतो. स्टेटस भूपेंद्र बघतो, हे मात्र तिला ठाऊक होतं. बघितलेल्यांच्या यादीत त्याचं नाव रोज असतं. बघतो आणि काही म्हणत नाही.

“लिहा,” ती म्हणाली. “माहेरच्या माणसांचेही आभार, असं लिहा.”

“कशाबद्दल?”

“तेवढंच लिहा.”

पाडव्याच्या सकाळी, गुढी उभारून झाल्यावर, मजकूर गेला. साधा, पांढऱ्यावर काळा, तेजसला लाज वाटेल असा:

‘नमस्कार. आज पाडव्याला आपल्या पुनम फॉल-पिको आणि ब्लाउज या दुकानाला एक वर्ष झालं. या वर्षात काही ब्लाउज बिघडले, काही उशिरा गेले. तुम्ही रागावलात, पण दुसरीकडे न जाता पुन्हा इथेच आलात. त्याबद्दल मनापासून आभार. शेजाऱ्यांचे आभार, आणि माहेरच्या माणसांचेही आभार. आजपासून पंधरा दिवस जुन्या-नव्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या एका साडीला फॉल-पिकोची शिलाई आमच्याकडून. फॉल तेवढा सोबत आणा. गर्दी झाली तर एक-दोन दिवस थांबावं लागेल, सांभाळून घ्या.’

सांभाळून घेतलं लोकांनी. पाटीलबाई पहिल्याच दिवशी साडी घेऊन आल्या आणि ‘काही ब्लाउज बिघडले म्हणजे माझाच ना?’ म्हणून गल्लीभर हसल्या, पण खूश होऊन हसल्या. गेल्या पावसाळ्यापासून न फिरकलेली एक बाई आली आणि साडीबरोबर दोन ब्लाउजही टाकून गेली. पुनमला बरं वाटलं. तरी हात मोकळा झाला की ती फोन उचलून कुणी कुणी बघितलं ते पाहायची. भूपेंद्रचं नाव दुपारपर्यंत आलं होतं. खाली एक शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेटस आपोआप पुसलं गेलं, आणि आता कुणी बघण्याचाही प्रश्न उरला नाही. त्या दिवशी तिनं भाकरी थापलीच नाही. शेंगदाणे खाल्ले आणि दिवा घालवला.

सहा-सात दिवसांनी भर उन्हात दुकानापुढे मोटारसायकल थांबली. भूपेंद्र उतरला. डोक्याला रुमाल बांधलेला, मागे कॅरिअरला भलं मोठं गाठोडं.

पुनम उठली आणि पुन्हा बसली. मग पाणी आणायला आत गेली. पडद्यामागे तिनं आधी आपले केस सारखे केले आणि मग तांब्या भरला.

“बस ना भाऊ. कसा उना?” भावाशी बोलताना तिची अहिराणी आपोआप तोंडात आली.

“धुयाले काम व्हतं,” भूपेंद्र म्हणाला. पाणी प्याला. दुकान बघितलं, आईचं मशीन बघितलं, नजर काढून घेतली. मग गाठोडं टेबलावर ठेवलं. “लग्नन्या साड्या शेत. आहेरन्या. बठ्ठास्ले फॉल-पिको करनं शे. फॉल आनेल शेत.”

“मयुरीनं लग्न,” पुनम म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

“हा.”

पुनम वाट बघत राहिली. पंखा फिरत होता. आता तो खिशातून कुंकवाची पुडी काढेल असं तिला वाटलं. त्यानं रुमाल काढून मान पुसली.

“तू ते लिखं ना,” तो म्हणाला. “माहेरन्या मानसंस्ना आभार. कोन्ही तरी आपला भाऊबंदकीना ग्रुपवर टाकी दिन्हं. मंग लोके दुकानमा येतस आनि म्हनतस, शाब्बास भूपेंद्र, बहिनले उभी करी दिन्ही. झुलालनाना म्हने, असा भाऊ पाहिजे.” तो थांबला. “माले तोंड वर करता येत नही. मी काय करं व तुन्हं करता? काहीच नही करं.”

पुनमनं ते वाक्य आमंत्रणासाठी लिहिलं होतं, आणि ते काट्यासारखं जाऊन रुतलं होतं. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण खरं काय होतं तेही तिला सांगता येईना.

“मी काही वाईट मनथून नही लिखं, भाऊ.”

“माले मालूम शे. म्हनीसन साड्या इठे आन्यात. दोंडाईचालेबी करी देतात. पन म्हटलं तुले काम व्हई. पैसा बठ्ठा लेवाना, एक रुपया कमी नही. मंग तरी ते आभार खरा व्हतीन.”

बहिणीनं भावाकडून शिलाई घ्यायची, ही गोष्ट खानदेशात कुणी ऐकली नसेल. घेतली तर नातं कुठं राहिलं? पण त्याचं तोंड बघून पुनमला ‘नको’ म्हणवेना. त्याला काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्याची दुसरी रीत तो विसरला होता.

“बरं,” ती म्हणाली. “आठ दिन लागतीन.”

चहा न घेताच तो गेला. जाताना म्हणाला, “येस मंग.”

ते आठ दिवस पुनम फार सुखात होती, हे सांगायला हवं. एवढं गाठोडं पुढ्यात असताना माणसाला एकटं वाटत नाही. तिनं एकेक फॉल भिजवून वाळवला, इस्त्री केला. काठाला बरोबर बसवून खालची बाजू मशीनवर घेतली आणि वरची हातानं घातली, टाका बाहेरून दिसणार नाही अशी. इतर वेळी हात-शिलाई जरा लांब घेतली तरी चालते. या साड्यांना तिनं बारीक घेतली. प्रत्येक साडी कुणाची असेल याचे ती मनाशी अंदाज करायची. ही फिक्की मामीला, ती नेहमी तक्रार करणार. ही जाड काठाची मुलाच्या आईला. त्यात एक मोरपंखी साडी होती, बाकीच्यांपेक्षा चांगल्या पोताची, अंगावर घेतली की खांद्यावरून सळसळत उतरणारी. ती कुणाची हे तिला कळेना. एकदा तिनं आरशासमोर पदर खांद्यावर टाकून पाहिला आणि स्वतःलाच रागावून घडी घातली. गिऱ्हाइकाची साडी अंगावर घ्यायची नाही, हा तिचाच नियम.

सुनंदाबाई रोज विचारायच्या, “बोलावलं का?”

“न्यायला येईल तेव्हा बोलावेल,” पुनम म्हणायची. “एवढा लांब आला, तो काय नुसतं कापड टाकायला?”

नेण्याच्या दिवशी तिनं चहाचं आधण आधीच ठेवलं. भूपेंद्र आला, बसला, या वेळी चहा प्यालाही. साड्या मोजून घेतल्या. काम उलटसुलट करून पाहिलं आणि ‘माय अशीच करे,’ एवढं म्हणाला. पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दोरा तोडायच्या निमित्तानं खाली वाकून लपवलं. त्यानं पाकीट काढून पैसे टेबलावर ठेवले, पूर्ण. मग गाठोड्यातून मोरपंखी साडी ओढून काढली आणि पैशांशेजारी ठेवली.

“हाई तुन्ही. आत्याना मानन्ही.”

पुनम त्या साडीकडे बघत राहिली. आपल्याच मानाच्या साडीला आपण बारीक टाका घातला, याचं तिला आधी हसू आलं. तिचा हात साडीकडे गेला. आणि तिथेच थबकला.

आत्याची साडी मांडवात देतात. चारचौघांत, नाव घेऊन, कुंकू लावून. घरातली सगळी बघत असतात, कारण मान हा बघण्यासाठीच असतो. शिवणाच्या टेबलावर, लग्नाच्या आधी, कुणी देत नाही. ज्या आत्यानं मांडवात यायचं नाही, तिलाच अशी साडी आधी पोहोचती करतात.

“मांडवमा नही देवाव का, भाऊ?”

भूपेंद्रनं बाहेर मोटारसायकलीकडे बघितलं.

“मोनालीना माहेरना लोके येतीन. नवरदेवकडला बी. मंग इचारतस, नवरा कोठे शे, कसाले सोडं. तठे नको ते बोलनं व्हई. तुलेच तरास.” त्यानं आवाज खाली आणला. “मी तुले इसरनू नही पुनम. देख, सगयास्मा चांगली साडी तुन्हीच लिन्ही.”

तो खरं बोलत होता, हेच वाईट होतं. खोटं बोलत असता तर पुनमला भांडता आलं असतं.

तिनं साडी उचलली. घडी जराशी मोडली होती, ती सारखी केली. गाठोडं सोडलं, साडी इतर साड्यांत ठेवली आणि गाठ पुन्हा मारली, घट्ट. मग टेबलावरच्या पैशांतून एका साडीची शिलाई वेगळी काढून त्याच्या हातात दिली.

“हाई कसानी?”

“त्या साडीनी. मी लिखेल व्हतं ना, एक साडीले शिलाई फुकट. आज शेवटला दिन शे.” तिनं उरलेल्या नोटा सारख्या केल्या. “बाकीना पैसा लिन्हात मी. तू म्हना तसं. आते आभार खरा शेत, भाऊ. आनि साडी तू मांडवमा दिसी तव्हय लिसू.”

भूपेंद्र उभा राहिला. त्याचा हात खिशापर्यंत गेला, आणि मोटारसायकलीची किल्ली घेऊन बाहेर आला. गाठोडं कॅरिअरला बांधताना त्याला बराच वेळ लागला. तिनं दोरी धरायला मदत केली. तो दोंडाईच्याच्या रस्त्यानं दिसेनासा होईपर्यंत ती उन्हात उभी होती.

आत येऊन तिनं कप विसळले. रडायला दुकानात जागा नव्हती, कारण पाटीलबाईंची बहीण माप द्यायला येणार होती. ती आली, फीत लागताच सासूविषयी बोलू लागली, आणि पुनमनं तोंडात टाचण्या धरल्या.

संध्याकाळी सुनंदाबाई पायरीवर टेकल्या. त्यांनी मोटारसायकल पाहिली होती.

“आला होता ना? तुझा भाऊ होता ना तो?”

पुनम टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

“गिऱ्हाईक होतं,” ती म्हणाली.